पावडरीवर ॲसिड

बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात मी सफाईचं काम बघते. पाणी बोअरचं, जड. बादली रात्रभर भरून ठेवली तर सकाळी तळाशी तांबूस गाळ बसलेला असतो. संडासाच्या भांड्यात पाणी उभं राहतं तिथं राखाडी, खरखरीत कडं धरतं आणि फ्लशच्या तोंडापासून खाली तांबड्या रेघा उतरतात.

तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू व्हायचे होते. सकाळी वरच्या मजल्यावरून खोकल्याचा आवाज आला, साधा नव्हे, घशात अडकून सुटणारा. धावत गेले तर आमच्या मावशी भिंतीला धरून उभ्या, डोळ्यांतून धार. संडासातून पोहण्याच्या तलावाला येतो तसला, पण कितीतरी उग्र वास येत होता. मावशींच्या हातात निळ्या संडास-क्लीनरची बाटली होती.

दंडाला धरून त्यांना खाली अंगणात आणलं. एक्झॉस्टचं बटण संडासाच्या बाहेर होतं, ते जाताजाता दाबलं. आत कोणालाच जाऊ दिलं नाही. नवीन मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "अक्का, काल रात्री मी ब्लीचिंग पावडर टाकून ठेवलेली की. सकाळपर्यंत डाग सुटेल म्हणून पाणी नाही मारलं." त्या भिजलेल्या पावडरीवर मावशींनी निळ्या बाटलीतलं ॲसिड ओतलं होतं. कोणी काय टाकलंय हे दोघींना सांगायचं काम माझं होतं, आणि ते मी केलं नव्हतं.

पावडरीतला क्लोरीन ॲसिड लागलं की वायू होऊन सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खाली, भांड्यावर वाकलेल्या माणसाच्या तोंडापाशीच साठतो. बारीक झरोक्याच्या संडासात दोन-चार श्वास पुरतात. बाटलीतल्या पातळ ब्लीचचंही तेच. लिंबूसत्व किंवा व्हिनेगर सौम्य म्हणून चालेल असं वाटतं, पण ब्लीचवर तीही चालत नाहीत. साचलेल्या लघवीवर ब्लीच ओतलं तरी घसा जाळणारा वेगळा वायू निघतो, म्हणून आधी पाणी मारायचं, मगच ब्लीच.

अर्ध्या तासात मावशी म्हणाल्या, "बरं वाटतंय गं, काम उरकते." मी ऐकलं नाही, दवाखान्यात नेलं. क्लोरीन छातीत गेला असेल तर धाप काही तासांनीही लागू शकते. डॉक्टरांनी त्यांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. वास पूर्ण गेल्यावर मी दारातूनच बादल्या ओतून ते भांडं धुतलं आणि दिवसभर कुलूप लावलं.

पावडरीनं तो डाग जाणारच नव्हता. ब्लीच रंग उडवतं, जंतू मारतं. गंज मात्र त्यानं विरघळत नाही, उलट पाण्यातलं लोह आणखी लाल होऊन बसतं. शिवाय पावडरीत चुना असतो, आणि कडं तर चुन्याचंच.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसले. हातमोजे, चष्मा, दार उघडं. आधी नुसतं पाणी पुन्हा पुन्हा मारलं. मग ब्रशनं ढकलून भांड्याच्या बाकातलं पाणी खाली घालवलं, नाहीतर औषध पाण्यातच पातळ होतं. किराणा दुकानातलं १०० ग्रॅम लिंबूसत्व एक लिटर गरम पाण्यात विरघळवलं. पाणी उकळतं नको, भांड्याला तडा जातो. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या त्यात भिजवून कड्यावर आणि रेघांवर चिकटवल्या. लगेच बारीक बुडबुडे आले, म्हणजे चुना सुटतोय. तीन तासांनी पट्ट्या काढून नायलॉनच्या ब्रशनं घासलं. पहिल्या वेळेला कडं निम्मं गेलं, दुसऱ्यांदा जवळजवळ सगळं. बराचसा गंज त्या चुन्याच्या थरातच अडकलेला होता, तो थराबरोबरच निघाला.

तारेची घासणी मी कोणाला लावू देत नाही. भांड्याच्या चकाकीवर ओरखडे पडतात आणि पुढचा चुना तिथंच धरतो. लिंबूसत्व शहाबादी फरशीवर सांडलं तर लगेच पुसायचं, तो दगडही चुन्याचाच, पांढरट डाग कायमचा राहतो.

फ्लशच्या टाकीतून बारीक धार सतत गळत होती, रेघा तिच्याच होत्या. प्लंबरकडून वायसर बदलून घेतला. एका भांड्याच्या तळाला मात्र पिवळसर खडबडीत ठिपका उरला. तिथली चकाकी पूर्वीच्या कडक ॲसिडनं आधीच गेली होती. मालकांना सांगितलं, हा आता कशानंच जायचा नाही, भांडं बदला.

मावशी चौथ्या दिवशी कामावर आल्या. पावडरीचा डबा आता माझ्या कुलपात असतो. कोणी कुठल्या संडासात काय टाकलं ते दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिल्याशिवाय खाली यायचं नाही, असं मी ठरवून दिलंय.