प्रदर्शन संपल्यावरची मोजणी

सोमवार, रात्री

माझ्या क्रोशाच्या वस्तू मांडल्या होत्या ते शनिवार-रविवारचं कोथरूडचं प्रदर्शन काल संपलं. आज दिवसभर हिशोबाची वही आणि उरलेल्या मालाचा खोका समोर घेऊन बसले होते. प्रदर्शनातून आलं की घरचे विचारतात, "किती झाले?" मी सांगते, "साडेदहा हजार." सगळे खूश होतात. तो आकडा खोटा नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. या वेळी ठरवलंच होतं की शेवटच्या रुपयापर्यंत आणि शेवटच्या तासापर्यंत लिहून काढायचं.

एका स्टॉलचं दोन दिवसांचं भाडं सात हजार. मी आणि मैत्रिणीने तो अर्धा-अर्धा घेतला, म्हणजे माझे साडेतीन हजार. जाण्या-येण्याची रिक्षा, दोन दिवसांचं खाणं-चहा, पिशव्या आणि किमतीच्या चिठ्ठ्या धरून आणखी अकराशे. म्हणजे एकही वस्तू विकण्याआधी ४,६०० रुपये गेलेले. विक्री झाली १०,५३०. विकलेल्या वस्तूंची लोकर, सूत, कापूस, कड्या, मणी यांचे २,३२३ वजा केले, मग हे ४,६०० वजा केले. हातात राहिले ३,६०७.

विकलेल्या वस्तू विणायला माझे साधारण सत्तर तास गेले होते. टेबलामागे उभं राहण्याचे दोन दिवसांचे बावीस. तासाला चाळीस रुपयेसुद्धा पडले नाहीत. इथवर दरवेळी येते आणि वही मिटते. आज मिटली नाही, कारण खरी माहिती यापुढे आहे.

मी विक्रीचे दोन भाग केले. कीचेन, स्क्रंची आणि ट्यूलिपची फुलं या छोट्या वस्तू एका बाजूला. तोरणं, बाळाचे सेट, कोस्टरचे सेट आणि टेबलावरचे मोठे रुमाल दुसऱ्या बाजूला. छोट्या ५६ वस्तू गेल्या. मोठ्या फक्त पाच: दोन तोरणं, एक बाळाचा सेट, दोन कोस्टरचे सेट. दोन्हीकडचे विणण्याचे तास मोजले तर जवळजवळ सारखे निघाले, पस्तीस आणि पस्तीस. सामानाचा खर्च काढून छोट्या वस्तूंनी ५,३०७ दिले आणि मोठ्या वस्तूंनी २,९००. म्हणजे भाड्यासकट सगळा खर्च छोट्यांनी भरून काढला आणि वर सातशे दिले. घरी आलेले बाकीचे पैसे मोठ्या पाच वस्तूंचे.

मग खोका उघडला. उरलेल्या मालात अडकलेले तास मोजले. उरलेल्या सगळ्या कीचेन, स्क्रंची आणि फुलं मिळून चोवीस तास. उरलेल्या मोठ्या वस्तूंमध्ये एकशे सत्त्याहत्तर! चार तोरणं, चार बाळाचे सेट, कोस्टरचे सहा सेट आणि चाळीस-चाळीस तासांचे दोन रुमाल. सामानाची किंमत धरली तर अख्खा खोका पाच हजारांचा, आणि त्यातले चार हजारांहून जास्त याच वस्तूंचे. हा तोटा आहे असं मी म्हणत नाही, माल जागेवरच आहे. पण पुढच्या प्रदर्शनाचं सूत आणायला रविवार पेठेत जायचं, तर ते पैसे या खोक्यात बसलेत.

हे का उरलं? प्रत्येक वस्तू हातात घेऊन आठवत बसले की कोणी पाहिली होती, काय म्हणाल्या होत्या. पाडवा तोंडावर आहे, त्यामुळे तोरणांना गिऱ्हाईक होतंच. एका काकूंना शेंदरी-हिरवं तोरण फार आवडलं, पण त्यांचं दार बेचाळीस इंचांचं आणि माझी सगळी तोरणं छत्तीसची. दुसऱ्या एकींना मधोमध घुंगरू नको होते. पांढऱ्या गोल रुमालावर तर दोन दिवस सगळ्यांचे हात फिरले. एका बाईंनी किंमतही मान्य केली होती, २,८०० रुपये, घासाघीस न करता. मग म्हणाल्या, "आमचं टेबल लांबट आहे हो, सहा खुर्च्यांचं." बाळाच्या सेटचं तेच. जो एक गेला, तो आजीने मुलाकडे परदेशात न्यायला घेतला, तिथे अजून थंडी आहे आणि नातवंड महिन्याभराचं आहे. बाकीच्यांनी लोकर हातात घेतली आणि मार्चच्या उन्हाकडे पाहून ठेवून दिली. ज्यांना घ्यायचा होता त्यांचं बाळ आठ महिन्यांचं निघालं.

मोठी वस्तू मापात अडकते. दाराचं माप, टेबलाचं माप, बाळाचं माप, आणि कोस्टरच्या बाबतीत सोफ्याच्या कापडाचा रंग. हे माप गिऱ्हाइकाच्या घरी असतं, माझ्याकडे नसतं. मी ते अंदाजाने विणते आणि चाळीस तास त्या अंदाजावर लावते. कीचेनला माप नाही. ट्यूलिपलाही नाही. म्हणून त्या जातात. लोकांना स्वस्त तेवढंच हवं असतं हे मला पटत नाही, बेचाळीस इंचांच्या दारावर छत्तीस इंचांचं तोरण कोणीही घेणार नाही.

मग फक्त छोट्याच वस्तू न्यायच्या का? मैत्रीण तसंच म्हणते. मला ते जमण्यासारखं वाटत नाही. एका कीचेनमागे सामान वजा जाता ९८ रुपये सुटतात, फुलामागे ११५, स्क्रंचीमागे ६२. ४,६०० भरून निघायला अशा एकोणपन्नासेक वस्तू विकाव्या लागतात, आणि आमच्या टेबलासमोरून जितकी माणसं जातात त्यात मला ५६ जमल्या. त्या दुप्पट होणार नाहीत. शिवाय पलीकडच्या रांगेत बाहेरून आणलेला तयार माल होता, माझ्या कीचेनच्या निम्म्या किमतीत. तोही हाताचाच, कारण क्रोशाचा टाका मशीन घालू शकत नाही. मशीनवर निघतं ते नुसतं तसं दिसणारं विणकाम. कोणाच्या तरी हाताला त्याचे किती मिळाले असतील हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पण त्या किमतीशी मी लढू शकत नाही, आणि लढायचंही नाही.

उत्तर मला त्याच दोन दिवसांत मिळालं होतं, मी ते वहीत वेगळ्या पानावर लिहिलं होतं म्हणून दिसलं नाही. बेचाळीस इंचांच्या दारवाल्या काकूंनी ऑर्डर दिली, ११०० रुपयांचं तोरण, ५०० आगाऊ. घुंगरू नको म्हणणाऱ्या बाईंनीही नऊशेचं तोरण सांगितलं, त्यांचेही ५०० जमा. दोन्ही पाडव्याच्या आधी द्यायची आहेत. या दोन तोरणांत उरण्याचा प्रश्नच नाही. सूत त्यांच्या पैशांतून येणार, माप त्यांच्या दाराचं, रंग त्यांच्या पसंतीचा. माझ्या टेबलावर सहा तोरणं होती, पण ऑर्डर द्यायला त्यांना एकच बघावं लागलं.

तेव्हा ठरवलं. मोठी वस्तू प्रत्येक प्रकारची एकच न्यायची, नमुना म्हणून, शेजारी मापाची टेप आणि रंगांची सुताची पट्टी. रुमाल एकच, तोरण एकच, बाळाचा सेट नोव्हेंबरशिवाय नाहीच. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय सुई उचलायची नाही, कारण ठरावीक मापाचं केलेलं तोरण परत आलं तर तेही त्याच खोक्यात येणार.

आता जे आहे त्याचं काय करायचं, त्यात आजची संध्याकाळ गेली. चार तोरणांतली तीन पाडव्याआधी सोसायटीत दाखवते. दोन्ही पांढरे रुमाल धुतले. खळ मात्र घातली नाही. प्रदर्शनाला नेताना खळ हवी, त्याशिवाय नक्षी उठत नाही, पण खळ लावलेलं सूत पावसाळ्यात तसंच ठेवलं तर त्याला कसर लागते. सुताला आणि माझ्या अ‍ॅक्रिलिकच्या लोकरीला खरी लोकर खाणाऱ्या किड्याचं भय नाही, कसरीचं आहे, आणि ती खळीसाठीच येते. रुमाल घडी न घालता गुंडाळून ठेवले, घडीच्या रेघा नंतर सहज जात नाहीत. ट्यूलिपच्या देठांतली तार तपासली, टेप जिथे सुटली होती तिथे पुन्हा गुंडाळली, नाहीतर दमट हवेत गंज हिरव्या लोकरीतून वर येतो.

कोस्टरचे दोन सेट उसवले. एकाच रंगाचे होते म्हणून. ज्यात दर ओळीला रंग बदललाय ते उसवण्यात अर्थ नाही, हातात वीतभर तुकडेच येतात. उसवलेल्या सुताला टाक्यांच्या वळ्या पडतात आणि तसंच पुन्हा विणलं तर काम खडबडीत दिसतं. त्याची लड करून चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवली आणि खाली हलकं वजन लावून गॅलरीत टांगली. सुती धागा असा सरळ होतो. अ‍ॅक्रिलिकला पाण्याने फारसा फरक पडत नाही, त्याला लांबून वाफ द्यावी लागते, आणि इस्त्री टेकली की ते कायमचं लुळं आणि चकचकीत होतं. म्हणून बाळाचे सेट उसवले नाहीत, नोव्हेंबरपर्यंत तसेच ठेवले.

दुपारी एप्रिलच्या प्रदर्शनाचा निरोप आला. अख्खा स्टॉल आठ हजार, म्हणजे अर्ध्याचे चार. वरचा खर्च धरून पाच हजारांच्या पुढे, म्हणजे त्रेपन्न-चोपन्न छोट्या वस्तू खर्चासाठीच. माझ्याकडे तयार एकोणचाळीस आहेत, सगळ्या विकल्या तरी ३,६०० च्या आसपास सुटतील. उद्या सकाळी आयोजकांना विचारते की स्टॉल तिघींत वाटून घेऊ देतात का. नमुन्याला एक तोरण, एक रुमाल आणि पुढे छोटा माल, एवढ्याला तिसरा हिस्सा पुरतो. नाही म्हणाले तर एप्रिल सोडायचा आणि ही दोन तोरणं आधी पुरी करायची. बेचाळीस इंचांच्या तोरणाच्या साखळ्या जेवणानंतर घालून झाल्यात.