पावसात होम थिएटरचं रूम कॅलिब्रेशन: सबवूफरवर अडलेली गाडी आणि नंतर कळलेलं बरंच काही

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र, त्याच्या खोक्यात लांब वायरचा तो छोटा माईक येतो ना, खोलीप्रमाणे आवाज जुळवायला, त्याबद्दल लिहायचंय. आमच्याकडे सिस्टीम बसवायला दुकानाचा माणूस आला होता, त्याने पंखा चालू, खिडक्या उघड्या, माईक सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवला, एका जागेवर माप घेतलं आणि सांगून गेला की झालं, आता आयुष्यभर बघायला नको. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण नंतर सगळं निस्तरताना जो काही वेळ गेला तो मी घालवला.

घर गुहागरच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर, मध्ये सुरूचं बन. चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर कौलं, खाली फरशी, पडवीवर पत्रा. हॉल साधारण ४.९ मीटर लांब. फाईव्ह पॉईंट वन, म्हणजे पुढे तीन, मागे दोन आणि खालच्या जाड सुरांसाठी एक सबवूफर. पिक्चर लावला की गडगडाट तेवढा घुमायचा, माणसं बोलतात ते कळायचं नाही.

हा माईक करतो काय ते आधी सांगते, कारण अर्ध्या लोकांना वाटतं की तो आवाज 'भारी' करतो. तसं नाही. प्रत्येक स्पीकरमधून एक सूं असा चढत जाणारा आवाज सोडतात, तो माईकपर्यंत कधी पोचला, किती जोरात पोचला आणि त्यातला कुठला सूर खोलीने फुगवला किंवा खाल्ला एवढं मोजतात. आवाज मीटरमागे साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणून जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून सगळ्यांचा आवाज कानावर एकदम आणायचा, हे पहिलं काम. सगळ्यांची पातळी सारखी करायची, हे दुसरं. तिसरं काम इक्वलायझेशनचं, फुगलेला सूर खाली ओढायचा. शिवाय कुठल्या स्पीकरची प्लस मायनस वायर उलटी लागलीय का तेही तपासतो. रिसीव्हरप्रमाणे या सोयीचं नाव बदलतं, कुणाकडे ऑडिसी असेल, कुणाकडे वायपाओ, कुणाकडे डिरॅक, बारकावे वेगळे पण मूळ काम हेच.

तर मी ठरवलं परत नीट करायचं. माईक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, टोक छताकडे, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीपासून सुटा. पाठीला चिकटला तर तिथून परतलेला आवाजही मोजला जातो आणि वरचे सूर चुकतात. पहिली जागा आपण रोज बसतो तीच घ्यायची, आमच्या रिसीव्हरमध्ये अंतरं आणि लेव्हल तिथूनच ठरतात, बाकीच्या जागा तिच्या आजूबाजूला हात दीड हातावर. पुढचे तीन झाले, मागचे दोन झाले, सबवूफर आला आणि स्क्रीनवर मेसेज, की आजूबाजूचा आवाज जास्त आहे किंवा लेव्हल कमी आहे. परत केलं, परत तेच. पंखा बंद होताच, फ्रीजही बंद केला (आई ओरडली की आत मासे आहेत रे देवा, तिला म्हटलं अर्ध्या तासाने काही होत नाही, दार उघडू नकोस फक्त), इन्व्हर्टरची घरघर येते म्हणून मधलं दार लावलं. पुन्हा तेच. एकदा तर सबवूफर मानला आणि तेवढ्यात लाईट गेली! सगळं पुन्हा पहिल्या जागेपासून. तेव्हापासून हे करताना रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाईनवर घेते, आणि सबवूफर त्याच लाईनवर, तोही बंद पडून चालत नाही.

दुकानात फोन केला तर म्हणाले पावसाळ्यात असंच होणार, दिवाळीनंतर करा. चार महिने कोण थांबेल?

मेसेज नीट वाचला तर त्यात 'किंवा' आहे, आणि सगळं त्या 'किंवा'त अडकलेलं. रिसीव्हरला एवढंच कळतं की मी सोडलेला आवाज आजूबाजूच्या आवाजातून पुरेसा वर उठून आला नाही. मग बाहेरचा जास्त आहे की आपला कमी आहे ते शोधायचं काम आपलं. आता बघा, बाकीचे पाच स्पीकर तर बिनतक्रार पास होत होते. बेडूक, रातकिडे, पागोळ्यांची टपटप हे सगळं मधल्या वरच्या सुरांतलं, ते आड येत असतं तर पुढचे स्पीकरही अडले असते. अडतो तो फक्त सबवूफर, म्हणजे भानगड खालच्या सुरांत, साधारण १०० हर्ट्झच्या खाली.

म्हणून पहाटे उठले, पाऊस थांबलेला, वारा पडलेला, पत्र्यावर थेंब नाही. तरी मेसेज. तेव्हा खात्री झाली की एवढ्या शांततेत अडतंय म्हणजे दुसरी बाजू, लेव्हल कमी. सबवूफरच्या मागे बघितलं तर व्हॉल्यूमचं बटण पाव भागावर आणि क्रॉसओव्हरचं बटण, म्हणजे सबवूफरने कुठल्या सुरापर्यंत वाजवायचं ते ठरवणारं, पार खाली ५० हर्ट्झला. दुकानाच्या माणसाने घुमतंय म्हणून दोन्ही खाली करून ठेवलं असणार. क्रॉसओव्हरचं ते बटण मॅक्सला न्यायचं किंवा एलएफई म्हणून इनपुट असेल तर तिथे वायर लावायची, कारण कुठला सूर सबवूफरला द्यायचा ते रिसीव्हर ठरवतो, दोघांनी एकाच ठिकाणी कात्री लावायची नाही. ऑटो स्टँडबाय पण बंद करून ऑन वर ठेवायचं, नाहीतर आपण जागा बदलत असताना सबवूफर झोपतो. आमच्या रिसीव्हरमध्ये सुरुवातीला सबवूफरची लेव्हल डेसिबलमध्ये दिसते, ७५ च्या आसपास आणायची असते, आमची ६६ दाखवत होती. बटण हळूहळू वर नेत ७५ ला आणली आणि सबवूफर पहिल्या झटक्यात पास.

मला वाटलं सुटले. पण पुढच्या जागा राहिल्या होत्या, उजाडलं, भरती चढली, वारा सुटला आणि चौथ्या जागेवर पुन्हा तोच मेसेज. यावेळी लेव्हल बरोबर होती, म्हणजे आता खरंच बाहेरचा आवाज. पावसाळ्यातल्या लाटांची गाज वरून सळसळ वाटते पण तिच्यात खाली एक जाड घरघर असते, आणि दारं खिडक्या लावून वरचा आवाज अडतो, ही घरघर कौलांतून येतेच. पत्र्यावर जोराची सर आली की तीच गत. याला उपाय फक्त वेळ साधण्याचा. ओहोटीची वेळ बघितली, पहाटेच्या आत येते असा दिवस धरला, सर येऊन गेल्यावर पागोळ्या थांबेपर्यंत वाट बघितली आणि सगळ्या जागा एका दमात घेतल्या. मोजताना मी शेजारच्या खोलीच्या दारात, माईक आणि स्पीकरच्या मध्ये कोणी नाही. झालं! इतका आनंद मला सिस्टीम घरी आली तेव्हाही झाला नव्हता.

मागच्या डाव्या स्पीकरला 'फेज उलटी' असंही एकदा आलं होतं, ते राहिलंच सांगायचं. वायर तपासायची, दोन्ही टोकांना प्लसला प्लस असेल तर बिनधास्त पुढे जायचं. भिंतीच्या कोपऱ्यात लावलेल्या स्पीकरला हे खोटंही येतं.

निकाल बघताना सबवूफरचं अंतर ४.८ मीटर दाखवलं, टेपने मोजलं तर ३. आमचे बंधू म्हणाले चुकलंय, ३ टाक. अजिबात टाकायचं नाही. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला उशीर होतो, तो उशीर अंतर वाढवून भरून काढलेला असतो. वरचे १.८ मीटर म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद. ३ केलं की तो पुढच्या स्पीकरांच्या मागून येत राहतो आणि ठोका ढिला लागतो. मात्र एक गोष्ट हाताने बदलायची, पुढच्या स्पीकरना 'लार्ज' ठरवलं असेल तर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचे सूर सबवूफरकडे जातात. माईकने ८० च्या वरचा आकडा दिला असेल तर तो खाली आणायचा नाही, कारण त्याखाली त्या स्पीकरचं माप त्याने धरलेलंच नसतं.

आता बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण एक खड्डा राहिला. ३५ हर्ट्झच्या जवळ सबवूफर गायबच. ४.९ मीटर लांबीच्या खोलीत पहिला घुमणारा सूर बरोबर ३५ ला पडतो, भिंतींजवळ तो फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य होतो, आणि आमचा सोफा नेमका मध्यावर. हे माईक दुरुस्त करू शकत नाही. फुगवटा खाली ओढता येतो, खड्डा भरता येत नाही, तिथे जास्त पॉवर ओतली तरी भिंतीवरून परतलेला आवाज तेवढाच जोरात येऊन मारतो. सोफा दोन हात मागे घेतला, ३५ परत आला. आणि सोफा हलला म्हणजे माप पुन्हा घ्यायचं.

तर पुन्हा कधी? सोफा किंवा कुठलाही स्पीकर हलला, सबवूफर बदलला की करायचंच. नुसतं सबवूफरचं बटण फिरलं असेल तर आधी जुन्या जागी आणून बघा, जागा आठवत नसेल तर पुन्हा करा (मी बटणावर मार्करने खूण केलीय). जाड पडदे, गालिचा आला तरी करायचं, आमच्याकडे टाळी वाजवली की फरशी आणि भिंतींत ती खणखणायची, ते खणखणणं कुठलाही माईक घालवत नाही, आधी गालिचा टाकला आणि मग माप घेतलं. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे खिडक्या. पावसात सगळं बंद, मे महिन्यात पडवीचं दार सताड उघडं, त्या उघड्या दारातून बास बाहेर जातो आणि फुगवटेही बदलतात. मी बंद दारांचं माप ठेवलंय कारण पिक्चर रात्री दार लावूनच बघतो. तुम्ही उघड्या दारात बघत असाल तर तसंच माप घ्या. टीव्ही बदलला, केबल बदलली, नवा बॉक्स आणला तर काही करायला नको. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर त्याचं सेटिंग वेगळं असतं.

पुन्हा चालवण्याआधी जुन्या सेटिंगच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा, हाताने केलेलं सगळं पुसलं जातं. माईक त्याच रिसीव्हरचा वापरा, दुसऱ्या कंपनीचा दिसायला तसाच असला तरी चालत नाही, रिसीव्हरला फक्त आपल्या माईकचा स्वभाव माहीत असतो. आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तो ड्रॉवरमध्ये मोकळा टाकू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या पावसाळ्याआधी बदला.