चार दिवस, तीन रात्री आणि गाडीत कमीत कमी तास

ट्रिप संपून आठवडा झाला, तरी त्या प्लॅनिंगच्या शीटचं कौतुक मलाच आवरत नाहीये, म्हणून लिहितेय. आम्ही पाच जण होतो, मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे दीड तासाच्या वर एका जागी बसलं की बोलायला लागतात. गाडी आमचीच, ड्रायव्हर दोन, नवरा आणि मी.

पहिला प्लॅन नवऱ्याने केला होता. नकाशावर चार ठिकाणं, छान गोल आकार, दिसायला एकदम सुंदर. मॅपवर पहिला दिवस 5 तास 40 मिनिटं, दुसरा साडेतीन, तिसरा 4 तास 50 आणि शेवटचा परतीचा सव्वासात. म्हणजे एकूण 21 तासांच्या वर, आणि तेही मॅपचे तास. मॅपला लघवी लागत नाही, त्याला भूक लागत नाही आणि त्याचा मुलगा निघताना बूट शोधत बसत नाही.

मग मी एक उद्योग केला. मागच्या दोन-तीन ट्रिपचे फोनमधले फोटो काढले आणि त्यांच्या वेळा बघितल्या. निघताना गाडीपाशी काढलेला फोटो किती वाजताचा, वाटेत थांबलो तिथले कधीचे आणि हॉटेलच्या दारातला कधीचा. त्यातून थांबण्याचा वेळ वजा केला आणि उरलेला मॅपच्या वेळेशी ताडून बघितला. मोठ्या सरळ रस्त्यावर आम्हाला मॅपपेक्षा साधारण 20 टक्के जास्त लागतात आणि घाटात 40 टक्के. हा आमच्या घरचा आकडा आहे हं, दोघंच जाणाऱ्यांना कमी लागतील, आणि पाऊस किंवा रात्र असेल तर आमचाही आकडा चालणार नाही. पण प्रत्येकाला आपापला असाच काढता येतो, फोटो तर सगळ्यांकडेच असतात.

आता हे नवऱ्याच्या चौथ्या दिवसाला लावून बघितलं. सव्वासात तासांचे 20 टक्के वाढवून झाले 8 तास 42 मिनिटं. दर दोन तासांनी थांबायचं हे आमच्यात ठरलेलंच आहे (सासूबाईंसाठी म्हणून सुरू केलं, पण खरी गरज चालवणाऱ्याला असते), म्हणजे वीस-वीस मिनिटांचे तीन थांबे आणि जेवणाची पाऊण तास. एकूण साडेदहा तास! सकाळी आवरून, खाऊन, चेकआउट करून दहाच्या आत आम्ही कधीच निघत नाही, म्हणजे घरी साडेआठ, शेवटचे दीड-दोन तास अंधारात, ते पण चार दिवसांचा शीण अंगावर असताना, आणि दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा. हे शीटवर लिहून नवऱ्याला दाखवलं तर तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "तिसरं ठिकाण काढू या का?"

काढलं. थोडं भांडून काढलं, कारण ते त्याचं आवडतं होतं.

मग नियम दोनच ठेवले. एका दिवसात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर पाच-सव्वापाच तासांच्या वर नाही, आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामावर. तीनच का, तर जेवण झाल्यावर दोन ते चारच्या मध्ये आम्हा दोघांनाही जाम झोप येते. चारला संपणारा दिवस नेमका वाईट वेळी चालवून संपतो, शिवाय उशीर झाला तर पुढे उजेड पुरत नाही. दोनला पोचायचं धरलं की हाताशी एक तास मोकळा राहतो, आणि चेकइनही बहुतेक ठिकाणी त्याच सुमाराला मिळतो.

नवा प्लॅन असा झाला. पहिल्या दिवशी मॅपचे 4 तास 20 मिनिटं, आमचे 5 तास 12, त्यात वीस मिनिटांचा एक थांबा आणि जेवण, म्हणजे साडेसातला निघालो तर पावणेदोन. तिथे दोन रात्री, दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. सलग दोन रात्री एकीकडे राहण्याचा फायदा फक्त आरामाचा नाही, एका सकाळचं बॅगा भरणं आणि चेकआउट वाचतं, आणि त्यातच आमचे दीड तास जातात. तिसऱ्या दिवशी घाट, मॅपचे अडीच, आमचे साडेतीन, अधिक चाळीस मिनिटांचा एक लांब थांबा. आणि तिसरी रात्र मुद्दाम घराच्या दिशेला, म्हणजे चौथ्या दिवशी मॅपचे फक्त 3 तास 10 मिनिटं उरतात. चारही दिवसांचे मिळून मॅपचे बरोबर दहा तास, आधीच्या निम्म्याहून कमी.

आणखी एक, मॅप बघताना निघण्याचा खरा वार आणि वेळ टाकून बघा. मी रात्री अकराला प्लॅन करत बसले होते आणि तो मला रात्री अकराचा मोकळा रस्ता दाखवत होता. सकाळची वेळ टाकल्यावर शहराबाहेर पडायलाच पंचवीस मिनिटं वाढली, वर दिलेले आकडे ती धरूनच आहेत.

प्रत्यक्षात काय झालं? पहिल्या दिवशी निघालोच 7:55 ला (बूट!), पुढे रस्त्याचं काम, एकाच लेनने सोडत होते, पोचलो 2:50 ला. म्हणजे तासाभराचा उशीर, पण कोणी कोणावर ओरडलं नाही.

तिसऱ्या दिवशी घाटात मुलगा अचानक गप्प झाला. आमच्याकडे हा गप्प होणं म्हणजे बातमी असते. मागे वळून बघितलं तर चेहरा पांढराफटक, ओठांच्या वर घाम, आणि मांडीवर टॅबलेट चालू. वळणावर डोळे स्क्रीनला चिकटलेले असले की डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कान सांगतो हलतोय, मग पोट ढवळतं. पिशवी उघडेपर्यंत उशीर झाला, सीटच्या फटीत गेलं ते गेलंच. पुढे मोकळी जागा बघून थांबलो, त्याला खाली उतरवून लांबच्या डोंगराकडे बघत उभं केलं, सासूबाई ओल्या रुमालाने त्याची मान पुसत होत्या. 35 मिनिटं गेली. मग त्याला मागच्या सीटवर मध्ये बसवलं, समोरचा रस्ता दिसेल असं, टॅबलेट डिकीत. 2:45 ला पोचलो. जुन्या प्लॅनमध्ये ह्या 35 मिनिटांनी आम्हाला घाटाची शेवटची वळणं अंधारात घ्यायला लावली असती.

चौथ्या दिवशी जेवणाच्या थांब्यानंतर मी चालवत होते आणि आम्हाला जिथे वळायचं होतं तो फाटा मागे गेला. बोर्ड दिसला होता, पण डोक्यात उतरलाच नाही. जांभई त्याच्या आधीच दोनदा येऊन गेली होती, ती मी ढकलली होती. पुढच्या पेट्रोल पंपावर चावी नवऱ्याला दिली, काही बोलायची गरज पडली नाही, तोही काही म्हणाला नाही. घरी 2:40.

तिसरं ठिकाण शीटच्या खाली वेगळ्या रंगात लिहून ठेवलंय, घरापासूनचे मॅपचे तास शेजारी. कालच बघितलं, नवऱ्याने त्याच्यापुढे पुढच्या सुट्टीची तारीख टाकून ठेवली आहे. दोन रात्रींची.