तीस शब्दांत केळीची बाग

आमच्या वेळी मराठीच्या पेपरात सारांशलेखन असायचं. उतारा वाचायचा आणि एकतृतीयांश शब्दांत त्याचा गाभा लिहायचा. मार्क बरे मिळायचे, म्हणून बहुतेकांना तो प्रश्न आवडायचा. आपल्या मराठीच्या सरांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. सारांश लिहून झाला, वहीत उतरवून झाला, शाई वाळली की ते म्हणायचे, "छान. आता याचेच पुन्हा एकतृतीयांश करा." वर्गात एकच कण्हणं उठायचं. चोपडा तालुक्यातल्या शाळेत केळीवरचा उतारा निघणं साहजिकच होतं आणि एका हिवाळ्यात तो निघाला. उतारा पानभर होता. फळ्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून केलेला सारांश मोजून ९० शब्दांचा झाला. तो असा :

"खानदेश हा केळीसाठी प्रसिद्ध असलेला प्रदेश आहे. येथे डिसेंबर व जानेवारी या महिन्यांमध्ये कडाक्याची थंडी पडत असते. तापमान दहा अंशांच्या खाली गेल्यास केळीच्या झाडाची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात आणि घड बाहेर पडण्यास अडथळा निर्माण होतो. या नुकसानीपासून बचाव करण्याकरिता शेतकऱ्यांनी रात्रीच्या वेळी बागेला पाणी देणे आवश्यक ठरते. मात्र हा उपाय विहिरीच्या ताज्या पाण्यानेच साधतो, कारण जमिनीखालचे पाणी थंडीतही उबदार राहते. उघड्या तळ्यात साठवलेले पाणी रात्री गार झालेले असल्यामुळे त्याचा तसा उपयोग होत नाही. याशिवाय बागेच्या कडेने पालापाचोळा जाळून धूर करणे, तसेच वारा अडवणारी झाडे लावणे हेही उपाय केले जातात."

यात चूक काही नाही, भाषा शुद्ध आहे. सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्ठा '३०' लिहिला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

पोरांनी काय काय केलं ते सांगण्यासारखं आहे, कारण आजही माझ्याकडे संपादनाला मजकूर घेऊन येणारी माणसं हेच करतात. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने प्रत्येक वाक्याला थोडी थोडी कात्री लावली. 'असलेला' गेलं, 'निर्माण' गेलं, 'या महिन्यांमध्ये' गेलं. सातही वाक्यं जिवंत राहिली, पण लंगडत. आणि शब्द तिशीच्या जवळपासही आले नव्हते. कुणी शेवटाकडून कापत वर आला. त्याच्याकडे थंडीचं वर्णन तेवढं उरलं, कारण पहिली तीन वाक्यंच ३६ शब्दांची होतात. उपायापर्यंत पोचायच्या आतच मर्यादा संपली.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. 'विशेषणं काढा' असं आम्हाला कुणीतरी खालच्या वर्गात शिकवलं होतं. त्या नियमाने एकाने 'विहिरीच्या ताज्या' हे दोन शब्द उडवले. पाणी ते पाणी, असा हिशेब. तळ्याचं वाक्य मग आपोआपच निरर्थक झालं, म्हणून तेही गेलं. उरलं ते असं : थंडीत बागेला रात्री पाणी द्यावे. सुटसुटीत, वाचायला गोड, मर्यादेच्या कितीतरी आत. सरांनी त्याला उभं केलं, रागावले नाहीत. "घरी जाऊन आजोबांना वाचून दाखव. उतारा दाखवू नकोस. ऐकून ते काय करतील ते विचार, बस." दुसऱ्या दिवशी तो हसतच आला. आजोबा म्हणाले होते, "मंग तळानं पानीच सोडी देऊत!"

नेमकं जे करू नका असं उताऱ्याने बजावलं होतं, तेच सारांश ऐकून आजोबा करायला निघाले होते. सारांशातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मग सरांनी खडू घेतला. कापायला सुरुवात करण्याआधी त्यांनी सारांश पुसून टाकला आणि विचारलं, "लेखक कशासाठी भांडायला तयार आहे?" खानदेश केळीसाठी प्रसिद्ध आहे यावर कुणी भांडत नाही. थंडी पडते यावरही नाही. केळीला पाणी द्यावं हेही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. भांडण आहे ते 'मात्र'च्या पुढे. लेखक जे खरोखर सांगायला बसलेला असतो ते बहुधा 'मात्र', 'पण', 'परंतु' यांच्या पलीकडे सापडतं, हे आम्ही त्या दिवशी पाहिलं. फळ्यावर एकच वाक्य लिहिलं गेलं : "कडाक्याच्या थंडीत केळीची बाग वाचवायला रात्री पाणी द्यावे, पण ते विहिरीचे ताजेच हवे." १३ शब्द. हे तेरा आधी बाजूला काढून ठेवायचे, महिन्याच्या पगारातून किराण्याचे काढून ठेवतात तसे. उरलेल्या सतरात बाकीच्यांनी भागवायचं. ज्याला भागत नाही त्याने घरी जायचं.

कापायचा क्रमही त्यांनी ठरवून दिला. आधी अख्खी वाक्यं, मग वाक्यांचे तुकडे आणि सुटे शब्द अगदी शेवटी. उलट्या क्रमाने गेलं की पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं होतं : घाम गाळायचा आणि जायला हवं ते वाक्य सजवून जागेवरच ठेवायचं.

पहिली दोन वाक्यं पार्श्वभूमीची, १७ शब्द. गेली. शेवटचं वाक्य धुराचं आणि झाडांचं, १६ शब्द. त्यावर वर्गात वाद झाला, कारण धूर करणं हा खराच उपाय आहे आणि आमच्यातल्या निम्म्यांनी पहाटे बागेच्या कडेला पालापाचोळा पेटवलेला होता. सर म्हणाले, "खरं आहे म्हणून ठेवायचं असेल, तर सगळा उताराच खरा आहे." दावा उपायांच्या यादीचा नव्हता, पाण्याचा होता. धूर गेला. काहीतरी उपयोगाचं जातंय हे त्यांनी झाकलं नाही, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं. ५७ उरले.

आता तुकडे. पिवळी पानं गेली, कारण वाढ खुंटते एवढं म्हटलं की नुकसान कळतं. 'अंशांच्या खाली' जोडून 'अंशांखाली' झालं. 'घड बाहेर पडण्यास अडथळा निर्माण होतो' या सहा शब्दांच्या जागी 'निसवण अडते' हे दोन बसले. इथे सर थांबले आणि म्हणाले, हे आपल्या भागात चालेल. पुण्याच्या वाचकासाठी लिहाल तेव्हा 'घड अडकतो' लिहा. तेही दोनच शब्द. 'बचाव करण्याकरिता' आणि 'देणे आवश्यक ठरते' ही सरकारी पत्रातली भाषा. तिच्या जागी 'वाचवायला' आणि 'द्यावे' आलं. चौथं वाक्य बारावरून पाचावर उतरलं आणि अर्थाचा केसही वाकडा झाला नाही. थंडी आणि केळी पहिल्या वाक्यात आलीच होती, म्हणून राखून ठेवलेल्या तेरांपैकी तीन शब्दही मोकळे झाले. ते कारणासाठी खर्चले. शेवटी फळ्यावर हे उरलं :

"तापमान दहा अंशांखाली गेल्यास केळीची वाढ खुंटते आणि निसवण अडते. बाग वाचवायला रात्री पाणी द्यावे, पण ते विहिरीचे ताजेच हवे. कारण जमिनीखालचे पाणी थंडीतही उबदार राहते, उघड्या तळ्यातले गार होते."

मोजा. तीस भरतात. 'ताजेच' मधला 'च' आणि 'थंडीतही' मधला 'ही' यांना मोजणीत वेगळी जागा लागत नाही, पण त्यांच्यावाचून वाक्याचा जोर जातो. फुकटात मिळतंय ते कापू नये, असं सर म्हणत.

मग खट्याळपणे कुणीतरी विचारलं, अजून किती खाली जाता येईल? सरांना असले प्रश्न फार आवडत. दहा शब्दांपर्यंत गेलो : "थंडीत केळीला रात्री विहिरीचेच ताजे पाणी द्यावे, ते उबदार असते." तळं गेलं, पण आजोबा आता तळ्याकडे वळणार नाहीत. पाच शब्दांत मात्र गाडी घसरली. "रात्री विहिरीचे ताजे पाणी द्यावे" हे कोणत्या पिकाला, कोणत्या महिन्यात? वैशाखात हे वाचणाऱ्याला आपण वेगळंच काहीतरी सांगून बसलो. सर म्हणाले, इथे लेखकाने हात जोडून सांगावं की एवढ्या जागेत हे मावत नाही.

पुढे मी शेतीविषयक लिखाणाच्या संपादनात पडलो. परिषदांसाठी येणारे गोषवारे माझ्याकडे असतात. अडीचशे शब्दांची मर्यादा, लिहिणारे येतात तीनशेच्या पुढे. हल्ली मोजणी संगणक करतो आणि तो फक्त शब्दांमधल्या मोकळ्या जागा पाहतो. '१० ते १२' हे त्याला तीन शब्द, '१०-१२' हा एक. दोन्ही बाजूंना जागा सोडून काढलेली रेघसुद्धा तो शब्द म्हणून मोजतो. या युक्त्यांनी पाच-सात शब्द वाचतात, पन्नास नाही. पन्नासासाठी धुरासारखं एखादं वाक्य सोडावं लागतं आणि तिथे माणसाचं मन होत नाही. वर्षभर राबून घेतलेली नोंद असते त्याची.

मग तो सुटे शब्द वेचायला लागतो आणि हमखास चुकीचे वेचतो. 'एका तालुक्यातल्या बागांमध्ये' जातं. 'ठिबकवर असलेल्या' जातं. 'असे दिसते' जाऊन 'आहे' येतं. शब्द कमी होतात तसा दावा फुगत जातो. चार गावांत पाहिलेली गोष्ट अख्ख्या महाराष्ट्राची होऊन बसते आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण वगळलेले शब्द त्याच्या डोक्यात पक्के असतात. तो वाचतो तेव्हा ते मनातल्या मनात भरून घेतो. म्हणून मी मूळ मजकूर बंद करायला लावतो आणि छाटलेला गोषवारा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला देतो. त्याने एका वाक्यात सांगायचं : कुठे, कधी आणि किती खात्रीने. लेखकाने आधी लिहून ठेवलेल्या वाक्याशी ते जुळलं नाही, तर एक-दोन शब्द परत आणायचे आणि त्यांच्या बदल्यात एक वाक्य सोडायचं.

शाळेच्या स्मरणिका समितीने मला या लेखासाठी बाराशे शब्द दिले होते. पहिल्या खर्ड्यात स्नेहसंमेलन होतं, तापीकाठची सहल होती, खो-खोच्या संघावर लांबलचक परिच्छेद होता. त्या संघातल्या मंडळींनी राग धरू नये. माजी विद्यार्थी मेळाव्याला भेटा, तिथे शब्दमर्यादा नाही.