महाराज गेले तेव्हा केवढे होते?

बेळगाव शहरात आणि आसपासच्या गावांत शिवजयंती वर्षातून दोनदा येते, हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगितले की त्याला नवल वाटते. १९ फेब्रुवारीला शाळांतून प्रतिमापूजन होते आणि मुले पाठ केलेली भाषणे म्हणतात. पुढे वैशाख शुद्ध द्वितीयेला गल्लोगल्लीच्या मंडळांची पारंपरिक शिवजयंती सुरू होते, आणि तिच्या चित्ररथांची मिरवणूक रात्र उलटून पहाट झाली तरी रस्त्यावर असते. आमच्या मंडळाचा रिवाज असा होता की या वैशाखातल्या जयंतीच्या आधीच्या रविवारी गल्लीतली सगळी मुले घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर जायचे, सिद्धेश्वराच्या देवळापाशी सतरंज्या अंथरायच्या, मुलांची भाषणे आणि पोवाडे व्हायचे, आणि मग भात-आमटी आणि शिऱ्याची पंगत बसायची. बक्षीस म्हणून कुंद्याचा पुडा मिळत असे, त्यामुळे भाषण करणाऱ्यांची कधी वाण पडली नाही.

गड दाखवण्याचे काम येळ्ळूरचे एक निवृत्त टपालवाले करीत. त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणत असू. मामा बुरूज, दरवाजा, विहीर दाखवीत, तटावरून बेळगावकडची भाताची शिवारे दाखवीत, परंतु इतर गड दाखवणाऱ्यांसारखे आवाज चढवून बोलत नसत. आयुष्यभर टपालावर शिक्के मारल्यामुळे असेल, त्यांना तारखेचे वेड होते, आणि कोणतीही गोष्ट सांगताना ती कोणत्या साली घडली आणि ती कुठे लिहून ठेवली आहे, हे दोन्ही सांगितल्याशिवाय ते पुढे जात नसत. मंडळातल्या काही तरुणांना हे रटाळ वाटे. मला मात्र त्यांच्या सांगण्यातला हाच भाग सर्वांत जास्त आवडे.

एका वर्षी चौथीतल्या एका मुलाने त्यांना मध्येच थांबवले आणि विचारले, ‘मामा, महाराज वारले तवा केवढे होते ओ?’

प्रश्न साधा होता, पण तो का विचारला हे पुढच्या वाक्यात कळले. त्याला शाळेत पन्नास सांगितले होते आणि घरी आजोबांनी त्रेपन्न, आणि दोघेही खोटे बोलणारे नव्हते. आमच्यापैकी एकाने घाईने ‘पन्नासच की रे’ म्हणून विषय संपवायचा प्रयत्न केला. मामांनी त्याला हातानेच थांबवले. त्यांनी सगळ्या मुलांना पायरीवर बसवले, एक काटकी घेतली आणि म्हणाले, ‘बाळ, वय सांगायचं तर दोन तारखा लागतात. येण्याची आणि जाण्याची. जाण्याची आधी घेऊ, कारण तिच्यावर भांडण नाही.’

महाराजांचे निधन रायगडावर शके १६०२, चैत्र शुद्ध पौर्णिमेला, शनिवारी झाले. इंग्रजी हिशेबाने तो ३ एप्रिल १६८० हा दिवस. हनुमान जयंतीचा दिवस म्हटल्याबरोबर मुलांच्या तो लक्षात राहिला. मामांनी याला एक परका साक्षीदारही दिला. मुंबईच्या इंग्रजांनी २८ एप्रिल १६८० रोजी सुरतेला लिहिलेल्या पत्रात शिवाजीराजे मरण पावल्याला तेवीस दिवस झाल्याचे म्हटले आहे. २८ मधून २३ गेले तर ५ एप्रिल येतो, ३ नव्हे, असे एका चुणचुणीत मुलीने लगेच दाखवून दिले. मामा या हरकतीने खूश झाले. रायगडावरची बातमी मुंबईच्या वखारीत तोंडोतोंडी पोहोचली असणार, त्यात दोन दिवसांचा फरक पडणारच, आणि टपाल्याला हे कुणी समजावून सांगायला नको, असे ते म्हणाले. परक्याच्या पत्रात दिवस थोडा हलला तरी महिना आणि वर्ष जुळते, आणि आपल्याकडच्या नोंदीत तिथी आणि वार दोन्ही आहेत, तेव्हा जाण्याची तारीख पक्की.

मग त्यांनी येण्याची तारीख घेतली, आणि इथे जमिनीवर दोन रेघा ओढल्या. पहिल्या रेघेवर त्यांनी लिहिले शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया. ही तिथी मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतली, आणि ती बखर महाराजांच्या निधनानंतर सुमारे एकशे तीस वर्षांनी लिहिलेली. दुसऱ्या रेघेवर शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. ही जेधे शकावलीतली नोंद. भोरकडच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली लोकांसमोर आली. महाराजांच्या हयातीतच रचलेल्या परमानंदांच्या शिवभारतातही हेच वर्ष आणि हीच तिथी आहे. जेधे आणि परमानंद यांनी एकमेकांचे पाहून लिहिलेले नाही, तरी दोघे एकाच दिवसावर येतात, हे मामांनी दोनदा सांगितले, आणि ते दोनदा सांगण्यासारखेच होते.

‘आता करा वजाबाकी,’ मामा म्हणाले. मुलांनी १६०२ मधून १५५१ वजा केले आणि एका सुरात ‘एक्कावन्न’ म्हणून ओरडली. मूळ प्रश्न विचारणारा मुलगा रडवेला झाला, कारण त्याच्यापुढे आता दोनाऐवजी तीन आकडे उभे राहिले होते.

मामांनी त्याला जवळ घेऊन बोटांवर मोजायला लावले. शालिवाहन शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना. महाराज जन्मले फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे शके १५५१ संपायला जेमतेम बारा तिथी उरल्या असताना. ते गेले चैत्र पौर्णिमेला, म्हणजे शके १६०२ सुरू होऊन पंधरा तिथी झाल्यावर. नुसत्या शकांची वजाबाकी केली तर जन्म आणि निधन वर्षातल्या एकाच तिथीला झाल्यासारखे धरले जाते, प्रत्यक्षात जन्म वर्षाच्या शेवटी आहे आणि निधन वर्षाच्या सुरुवातीला. म्हणून शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेपासून शके १६०१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेपर्यंत पुरी पन्नास वर्षे मोजायची, आणि त्यापुढे पाडव्याआधीच्या बारा आणि पाडव्यानंतरच्या पंधरा मिळून सत्तावीस तिथी. वय पन्नास वर्षे आणि सत्तावीस तिथी. एक्कावन्नावे लागलेले, पुरे झालेले नाही.

हे ऐकताच त्या चुणचुणीत मुलीने पुन्हा हरकत घेतली. तिने वहीत इंग्रजी तारखा मांडल्या होत्या: १९ फेब्रुवारी १६३० ते ३ एप्रिल १६८०, म्हणजे पन्नास वर्षे आणि वर चव्वेचाळीस दिवस. सत्तावीस कुठे आणि चव्वेचाळीस कुठे? मंडळातली मोठी माणसे या ठिकाणी एकमेकांकडे पाहू लागली. मामांनी मात्र गल्लीतल्या बायकांना माहीत असलेले उत्तर दिले: अधिक महिना. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे ते सूर्याच्या वर्षाच्या मागे पडू नये म्हणून दर अडीच-तीन वर्षांनी एक महिना वाढवावा लागतो, आणि म्हणूनच कोणतीही तिथी इंग्रजी तारखेच्या पुढेमागे हलत राहते. आपली दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते, तसाच १६३० साली फेब्रुवारीत आलेला फाल्गुन १६८० साली मार्चात आला. दोन्ही हिशेबांत पूर्ण वर्षे पन्नासच राहतात. वरचे दिवस कोणत्या कालगणनेने मोजले, ते तेवढे सांगितले पाहिजे. माझ्या मते गडावर इतिहास सांगणाऱ्या कितीतरी लोकांची गडबड इथेच होते, कारण ते जन्म तिथीने सांगतात, निधन तारखेने सांगतात आणि मधला आकडा अंदाजाने ठोकून देतात.

राहिला आजोबांचा त्रेपन्न. तोही मामांनी झिडकारला नाही, मुलांकडूनच मोजून घेतला. शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेपासून शके १६०१ च्या त्याच तिथीपर्यंत बावन्न वर्षे, आणि त्यापुढे चैत्र पौर्णिमा येईपर्यंत जवळजवळ आणखी एक वर्ष. वैशाख शुद्ध द्वितीया उजाडायला सतराच तिथी कमी. म्हणजे बखरीची तिथी खरी मानली तरी त्रेपन्न पूर्ण होत नाहीत, त्रेपन्नावे संपत आलेले असते. आजोबांचा आकडा त्यांच्या तिथीशी जवळपास जुळत होता. प्रश्न त्या तिथीचाच होता.

‘मग आपण वैशाखात का करतो ओ जयंती?’ मुलाने विचारले, आणि या वेळी मंडळाचे अध्यक्षसुद्धा पंगतीची व्यवस्था सोडून ऐकायला येऊन उभे राहिले. मामा सावधपणे बोलले. जुने कागद उजेडात येण्याआधी सगळीकडे बखरीचीच तिथी चालत होती, आणि तिच्यावर उत्सव बसला. नंतर कागद सापडले, विद्वानांचा वाद झाला, महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारली. बेळगावने आपली मिरवणूक हलवली नाही. ‘मिरवणूक कधी काढायची ते गल्लीनं ठरवावं,’ ते म्हणाले, ‘पण तुला परीक्षेत कुणी वय विचारलं तर पन्नास लिही, आणि जेध्यांचं नाव सांग.’ अध्यक्षांना हे फारसे रुचले नसावे. तरीही त्यांनी मामांना त्या दिवशी आणि पुढेही कधी अडवले नाही, याचे मला आजही कौतुक वाटते.

त्यानंतरच्या मेळाव्यांत हा हिशेब कार्यक्रमाचाच भाग झाला. भाषणे संपली की मामा नव्या मुलांना पायरीवर बसवून एकच वजाबाकी घालीत, परंतु दर खेपेस घटना बदलत. राज्याभिषेकाची बारी आली तेव्हा त्यांनी शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ६ जून १६७४, एवढे सांगून काटकी मुलांच्या हाती दिली. हायस्कुलातल्या एका धिप्पाड मुलाने १५९६ मधून १५५१ वजा करून ‘पंचेचाळीस’ असे ठासून सांगितले. मागच्या रांगेतून आमचा तोच जुना प्रश्नकर्ता उभा राहिला आणि म्हणाला, ‘चव्वेचाळीस की ओ, पंचेचाळिसावं चालू होतं,’ आणि त्या वर्षीचा कुंद्याचा पुडा भाषण न करताच त्याला मिळाला.