C की G? जुना क्रँक विकताना फोटोंनी काढलेला घाम

सायकलला नवा बारा स्पीडचा ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा सगळा संच, बसवला आणि जुना अकराचा अल्टेग्रा सेट विकायला काढला. वापरलेले सुटे भाग विकणारी एक साइट आहे, तिचं नाव घेत नाही. तिथे 'तपासणी' झाल्याशिवाय आपला माल कुणाला दिसतच नाही. तपासणी म्हणजे कुणी माणूस येऊन हात लावून बघतो असं नाही. आपण फोटो चढवायचे, ते तिकडे कुणीतरी बघणार, आणि मग हिरवी खूण किंवा लाल शेरा. प्रत्येक भागासाठी चार खाने : पूर्ण भाग, डिकल, कास्टिंग मार्क आणि मॉडेल नंबर.

डिरेलर, शिफ्टर, ब्रेक हे सगळं बिनबोभाट पास झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडकला तो क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा.

का अडकला ते कळायला थोडी पार्श्वभूमी लागेल. शिमानोने २१ सप्टेंबर २०२३ रोजी अकरा स्पीडच्या काही क्रँकसाठी तपासणी मोहीम जाहीर केली. अल्टेग्राचे FC-6800 आणि FC-R8000, ड्युरा-एसचे FC-9000, FC-R9100 आणि पॉवर मीटरवाला FC-R9100-P. हे क्रँक आतून पोकळ असतात, दोन भाग चिकटवून एक केलेला. तो जोड सुटू शकतो, म्हणून ही मोहीम. एकट्या अमेरिकेत सुमारे ६,८०,००० क्रँक यात मोडत होते. पण सगळे नाहीत. १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात बनलेलेच. तुमचा क्रँक कधीचा आहे हे त्याच्या पाठीवर, पेडल जिथे बसतं त्या टोकाला कोरलेल्या दोन अक्षरांवरून कळतं. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. A म्हणजे २००२ धरून मोजत गेलं की K येतो २०१२ ला आणि R येतो २०१९ ला. महिने A ते L, जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे मोहिमेतली यादी KF पासून सुरू होते आणि RF ला संपते. (त्याआधीचं चक्र १९७६ च्या A पासून २००१ च्या Z पर्यंत झालेलं आहे, म्हणजे R हा १९९३ सुद्धा असू शकतो. पण R8000 मालिकाच २०१७ ची, त्यामुळे इथे तो घोळ नाही.)

माझ्या उजव्या क्रँकवर कोरलंय RG. जुलै २०१९. यादी संपल्यानंतरचा पहिलाच महिना. आणि साइटवाल्यांनी वाचलं RC, म्हणजे मार्च २०१९. लाल शेरा : 'रिकॉल यादीतील भाग, विक्री नाही.'

हातात क्रँक धरून मला G स्वच्छ दिसत होता. दुसरा फोटो काढून चढवला, शेरा तोच. भर दुपारी खिडकीत ठेवून काढला, शेरा तोच. मदतीच्या नंबरवर एक मुलगा भेटला, अगदी नम्र. "सर, आम्हाला फोटोत जे दिसतं तेच धरावं लागतं. फोटोत C आहे." मी म्हटलं, "अहो, पण क्रँकवर G आहे." तर म्हणे, "हो सर, पण क्रँक आमच्याकडे नाहीये ना." यावर काय बोलणार? आणि राग असा, की माणूस खोटं काहीच बोलत नव्हता. फोटो मोठा करून मी स्वतः पाहिला, त्यात खरंच C दिसत होता.

मग शांतपणे बसून हिशोब केला. त्यांच्या फॉर्मचा नियम असा, की 'पूर्ण भाग चौकटीत दिसला पाहिजे', आणि चढवलेला फोटो ते आपोआप १०२४ पिक्सेल रुंदीचा करतात. माझा क्रँक १७० मिमीचा. टोकाचा थोडा भाग आणि कडेची जागा धरली तर साधारण २०० मिमी रुंदी त्या १०२४ पिक्सेलांत बसवायची, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम पाच पिक्सेल. अक्षराची उंची दोन मिमीच्या आसपास, म्हणजे अख्खं अक्षर दहा पिक्सेलांत. G ला C पासून वेगळं करणारी ती आतली आडवी दांडी एका पिक्सेलची, फार तर दोन. वर जेपेग फोटो आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन करून दाबला जातो. अशा दोन-चार चौकोनांत तुमचं सगळं अक्षर, त्यातून दांडी उरणार कशी! साइटचा नियम पाळला की साइटला अक्षर वाचता येत नाही, असा तो प्रकार.

पण नुसतं जवळून काढूनही भागलं नाही, हे मला नंतर कळलं. मॉडेल नंबरच्या खान्यात नुसत्या टोकाचा फोटो चालतो, तो मी काढला. अक्षरं मोठी आली, तरी दांडी गायब. इथे दोष प्रकाशाचा होता. कोरलेली रेघ दिसते ती तिच्या सावलीमुळे. प्रकाश रेघेला आडवा पडला तर एक कड उजळते, दुसरी काळी पडते आणि रेघ उठून दिसते. प्रकाश रेघेच्या दिशेनेच धावला तर सावलीच पडत नाही आणि रेघ असून नसल्यासारखी होते. मी क्रँक टेबलावर आडवा ठेवला होता आणि खिडकी होती डाव्या हाताला. R चा उभा दांडा ठसठशीत, C ची कमान ठसठशीत, आणि G ची आडवी दांडी नेमकी प्रकाशाच्या दिशेत झोपलेली!

क्रँक तसाच ठेवून खोलीत अंधार केला, दुसऱ्या फोनचा टॉर्च अक्षरांच्या पायाच्या बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरला. दांडी लख्ख उमटली. इतका साधा इलाज आणि त्यापायी मी कुणाकुणावर चिडलो होतो!

तर कुणाला असे फोटो काढायचे असतील त्यांनी एकाच अक्षराचे किमान दोन फोटो काढावेत, एक बाजूने प्रकाश टाकून आणि एक खालून किंवा वरून. C-G सारखाच E-F चा घोळ होऊ शकतो. मोहीम सुरू होते तिथे KE म्हणजे मे २०१२, यादीबाहेर. KF म्हणजे जून, यादीत. तिथेही फरक एका आडव्या रेघेचाच. फोन फार जवळ नेऊ नका. बरेच फोन जवळ गेलं की गुपचूप वाइड लेन्सवर उडी मारतात आणि चित्र मऊ पडतं. थोडं लांबून दुप्पट झूम करा, फोन कशावर तरी टेकवा. आधी त्या जागेवरचं ग्रीस स्पिरिटने पुसा. खाचेत खडूची पूड बोटाने चोळून वरची पुसून टाकली तर अक्षर पांढरं भरून येतं. करड्या चकचकीत रंगावर फारच छान दिसतं. आणि फोटो आधी स्वतः कापून मग चढवा, म्हणजे त्यांचे १०२४ पिक्सेल अक्षरांवर खर्च होतील, टेबलक्लॉथवर नाही.

खडूवाला फोटो मात्र त्यांनी 'अक्षरात फेरफार' म्हणून नाकारला, हेही सांगून ठेवतो. टॉर्चचे दोन्ही फोटो, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून काढलेले, ईमेलला मूळ फाइल म्हणून जोडले, तेव्हा कुठे गाडी हलली. व्हॉट्सॲपवर पाठवायचे झाले तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर तिकडेही फोटो दाबला जातो.

मधल्या काळात 'कास्टिंग मार्क' चा खाना रिकामा म्हणून आणखी एक शेरा आला होता. अहो, हा क्रँक ओतीव नाहीच, फोर्ज केलेला आहे! त्यावर कास्टिंगच्या खुणा दिसल्या तर उलट संशय घ्यायला हवा. साच्यात ओतलेल्या भागावर दोन साचे मिळतात तिथली बारीक उंच रेघ राहते, आणि माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे नाण्यासारखे गोल ठसे पाठीवर राहतात. खऱ्या भागावरून साचा उचलून नक्कल ओतली असेल तर अक्षरांच्या कडा बोथट होतात. मी खान्यात पाठीचा साधा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'खुणा नाहीत, असू नयेत.' पास झालं. कुणी वाचलं असेल का, शंका आहे.

डिकलवरही थोडी खळखळ झाली. क्रँकच्या बाहेरच्या बाजूला बुटाची टाच घासून अक्षरं फिकी झाली होती. टाचेची झीज हळूहळू विरत जाते, आधी वरचा लखलखीत थर, मग रंग, मग खालचं ॲल्युमिनियम, आणि तिला कड नसते. मागाहून लावलेल्या स्टिकरला कड असते. तिरप्या प्रकाशात तिची पायरी दिसते, नख लावलं तर अडकतं. टॉर्चचा तोच फोटो इथेही कामी आला.

ज्याचं मला खरं नवल वाटतं ते वेगळंच. एवढ्या सगळ्या वादात चिकटवलेल्या जोडाचा फोटो त्यांनी एकदाही मागितला नाही. RG आहे म्हणजे क्रँक यादीबाहेर, इतकंच ठरतं. यादीतला क्रँकसुद्धा सरसकट बाद नसतो. दुकानात जोड तपासून, सुटल्याची चिन्हं असतील तर बदलून देतात. मी घेणारा असतो तर आधी पाठीवरची जोडाची रेघ साफ पुसून, त्याच तिरप्या प्रकाशात पूर्ण लांबीची मागितली असती, आणि पेडलवर उभं राहिल्यावर करकर येते का ते विचारलं असतं. माझ्या जाहिरातीत मी तो फोटो स्वतःहून टाकला. डाव्या क्रँकच्या कोडचाही वेगळा टाकला, कारण दोन्हींवर आपापला कोड असतो आणि एखादा बदललेला असला तर ते तिथेच कळतं.

हेल्मेटचं राहिलंच. न वापरलेलं एक हेल्मेट, मापात न बसलेलं, त्याच झटक्यात विकावं म्हटलं होतं. त्याच्या आत पॅडखाली लेबल असतं, ते आधी शोधा. EN 1078 हा मानक क्रमांक, माप सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, आणि बनवल्याचं वर्ष व तिमाही, एवढं त्यावर असायला हवं. फोटोत ते वाचता आलं नाही तर बाकीच्या फोटोंना अर्थ नाही. मागे डोकं आवळायच्या प्लास्टिक पट्ट्यावर साच्याचं छोटं घड्याळ होतं : गोलात १ ते १२ आकडे, एका महिन्याकडे बाण, मधे वर्षाचे दोन आकडे. ते लेबलावरच्या तारखेच्या थोडं आधीचं निघालं, म्हणजे जुळलं. चांगल्या हेल्मेटचं पातळ कवच फोमबरोबरच साच्यात घडवलेलं असतं आणि छपाई बहुतेक कवचाच्या आतल्या अंगाला, त्यामुळे नख फिरवलं तर अक्षरं लागत नाहीत. पण काही अस्सल हेल्मेटांवरही वरून स्टिकर असतात, त्यामुळे तेवढ्यावरून नकली म्हणू नये.

हे सगळं फोटोंत व्यवस्थित आलं होतं. तरी साइटने त्यासाठी बिलाची मूळ प्रत मागितली आणि मला पुन्हा त्या मुलाशी बोलायचं नव्हतं. भाच्याला बरोबर बसलं. क्रँक मात्र जाहिरात दिसू लागल्यावर लगेच गेला. घेणाऱ्याने फोन करून फक्त लांबी विचारली.