दशमीच्या रात्रीचं नानांचं भाषण

पूर्ण वारी जमत नाही म्हणून यंदा वाल्ह्यापासून चाललो. वाल्हे ते पंढरपूर, माऊलींच्या पालखीसोबत, रथामागच्या एका दिंडीत आमचा ३८ जणांचा ग्रुप, मोजून १० दिवस. रिंगणाबद्दल, वेळापूरच्या धाव्याबद्दल लोक भरपूर लिहितात, मी लिहिणार आहे शेवटच्या रात्री आमचे ग्रुप लीडर नाना जे ८-९ मिनिटं बोलले त्याबद्दल, कारण असलं भाषण मी ऑफिसात कधी ऐकलं नाही आणि ऑफिसात सेंड ऑफ काय कमी होतात का.

आधी वेळ कशी निवडली ते. दशमीला वाखरीहून दुपारी निघून पंढरपुरात शिरेपर्यंत रात्र होते, सगळ्यांच्या पायाचे तुकडे पडलेले. मला वाटलं निरोपाचं काय ते एकादशी झाल्यावर करतील. नाना म्हणाले, उद्या पहाटे कोणी चंद्रभागेवर, कोणी दर्शनबारीत, कोणी प्रदक्षिणेला, कोणी कळसाला हात जोडून थेट एसटी स्टँडवर, उद्या ही सगळी माणसं एका जागी दिसणार नाहीत. आणि जेवणानंतर तर नाहीच, जेवल्यावर निम्मे आडवे होतात. म्हणजे मठाच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकलेल्या, भाताचा वास येतोय, आणि त्या १५ मिनिटांत काय ते.

नानांच्या हातात ती छोटी डायरी होती. ती मी लोणंदपासून बघत होतो, रोज रात्री समाजआरतीवरून आलं की राहुटीत बॅटरी तोंडात धरून काहीतरी खरडायचे. मला वाटायचं हिशोब लिहितात. हिशोब होताच पण दुसऱ्या पानांवर रोज एक मुक्काम, एक माणूस, एक ओळ, एवढंच.

तेच वाचायला लागले. 'लोणंद. नीरास्नानाच्या गर्दीत हिची चप्पल गेली, रात्री मुक्कामापर्यंत अनवाणी आली आणि मला दुसऱ्या दिवशी कळलं, हे बरोबर नाही वहिनी, सांगायचं असतं.' आता हे आभार की झापणं, पण वहिनी हसत होत्या. 'तरडगाव. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात सगळे घोड्याकडं बघत होते, हा एकटा मागं राहून आज्जीची पिशवी सांभाळत बसला, याचं पहिलं रिंगण हुकलं.' तो पोरगा आमच्यातला सगळ्यात लहान, कॉलेजचा, खाली मान घालून सतरंजीचा दोरा उपसत बसला. मी दहा दिवस त्याच्याशेजारी झोपलो, मला हे माहीतच नव्हतं.

फलटणच्या पानावर टँकर होता. पहाटे अडीचला उठून पाण्याच्या लाईनीत कॅन लावणारे दोन जण, त्यांच्यामुळं बाकी ३६ जणांना साडेतीनपर्यंत झोप मिळाली, असं सरळ गणित मांडलं. मग मावशी, ज्यांनी रोज रात्री सुईदोऱ्यानं लोकांचे फोड फोडले, दोरा आत ठेवायचा म्हणजे पाणी झिरपत राहतं (डॉक्टर याला नको म्हणतात, जंतू आत जातात म्हणून, पण मावशी सुई उकळून घ्यायच्या आणि रांग तर रोज असायची). नानांनी आकडा सांगितला, ६१ फोड. मावशी म्हणाल्या, त्यातले ९ तुमचेच.

बरडला आले तेव्हा नाना थांबले. त्या रात्री पाऊस झाला आणि आमच्या राहुट्यांत खालून पाणी आलं, सगळ्यांच्या पथाऱ्या भिजल्या, दोन वाजता सामान डोक्यावर घेऊन रस्त्याकडेला उभे होतो. तेव्हा सगळ्यांनी राहुटी ठोकणाऱ्या पोरांना बोल लावला होता, मीपण. नाना म्हणाले, 'ती जागा मी निवडली. पोरं म्हणत होती हा खोलगट भाग आहे, वरच्या अंगाला जाऊ. मीच म्हणालो लांब पडेल, माणसं दमलीत. तर त्या रात्रीच्या शिव्या पोरांच्या नावावरून काढून माझ्या नावावर टाका.' बास, एवढंच, पुढं माफीबिफी नाही. पण ती दोन पोरं दाराशी उभी होती ती आत येऊन बसली.

माळशिरसहून एक काका पाय सुजला म्हणून एसटीनं घरी गेले होते. त्यांना फोन लावून सगळ्यांनी एकदम 'माऊली' म्हणायचं असा बेत होता पण दशमीला पंढरपुरात नेटवर्क म्हणजे बोंबच. मग व्हॉइस मेसेज केला, ३७ जणांचा ओरडा, तो गेला दुसऱ्या दिवशी दुपारी.

मग जमाखर्च. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, माणशी २५००, एकूण ९५,०००, खर्च ९१,८६०, शिल्लक ३,१४०, हे पैसे आचाऱ्यांना द्यायचे, कोणाची हरकत? नव्हती. ज्यांची नावं डायरीत आली नाहीत त्यांच्यासाठी एकच वाक्य, 'तुम्ही दहा दिवसांत एकदापण हरवला नाहीत, माझ्यासाठी याच्याएवढं दुसरं काम नाही.' मी त्यातलाच. खरं सांगतो, आधी जरा खट्टू झालो, मग आठवलं सदाशिवनगरच्या रिंगणात शेजारच्या दिंडीवाले त्यांच्या एका बाबांना तीन तास शोधत होते.

शेवटी नाना म्हणाले बोला पुंडलिक वरदे, आणि सगळे उठणार तेवढ्यात टाळ वाजला. टिण्, टिण्, टिण्. आक्का, सत्तरीच्या, कोपऱ्यात बसून एकट्या वाजवत होत्या, थांबेचनात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, समाजआरतीला चोपदार दंड उंच करतात तशी हजारो माणसं एका क्षणात गप्प होतात, पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात आणि त्यानंतरच टाळ थांबतो. नंतर हरवलं-सापडलं पुकारतात आणि मग आरती.

नाना वाकून आक्कांपाशी गेले. 'बोला आक्का, काय तक्रार?'

'ट्रकवाल्याचं नाव घेतलं का?'

'घेणार होतो, वेळापूरच्या पानावर आहे, ते पानच चिकटलंय पावसानं.'

'मग त्याला बोलवा. त्याच्या माघारी नको.'

कोणीतरी पळत गेलं. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला होता, बनियनवर तसाच डोळे चोळत आला, ३७ माणसं आपल्याकडं बघतायत म्हणल्यावर दारातच थबकला. नानांनी चिकटलेलं पान नखानं सोडवून वाचलं, की वेळापूरला ट्रॅफिकमध्ये पाच तास अडकला तरी आपण पोचायच्या आधी राहुट्यांचं सामान उतरलेलं होतं, जेवला मात्र रात्री अकराला. आक्कांनी टाळ खाली ठेवला.

त्याला काय बोलावं सुचेना. खिशातून एक चिठ्ठी काढली आणि म्हणाला, 'ट्रकात राहिलेलं सांगतो, उद्या सकाळी सहाला सामान भरायचंय. दोन छत्र्या, तीन डाव्या चपला, एक कवळी डबीतली, निळी बाटली.'

बाटली माझी होती. कवळीला कोणी हात वर केला नाही, पण जेवताना एक काका नुसता वरणभात खात होते.